नव्वद दिवसांतले साठच खरे

2025 च्या जुलैमधली गोष्ट. आमच्या मेट्रन मॅडम माझ्या टेबलावर एक चादर ठेवून उभ्या राहिल्या. चादर धुऊन, इस्त्री होऊन, चौघडी घालून आलेली. त्यांनी घडी उलगडली. मधोमध पिवळट डागाचा नकाशा तसाच होता.

"सर, ही धुतलेली आहे बरं का," त्या म्हणाल्या. "आणि हीच पार्टी आता अजून एक वर्ष?"

जिल्ह्याच्या गावातल्या दोनशे खाटांच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी प्रशासनाचं काम पाहतो. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे हे सगळं बाहेरच्या लॉन्ड्रीत धुवायला जातं. दिवसाला साधारण तीनशे किलो, किलोला 24 रुपये. म्हणजे वर्षाचे 26 लाख 28 हजार. हा करार 31 ऑगस्टला संपत होता. त्यातलं एक कलम असं होतं: मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी कोणत्याही पक्षाने लेखी नोटीस दिली नाही, तर करार दरात दहा टक्के वाढ होऊन आणखी एक वर्षासाठी आपोआप पुढे चालू राहील. नोटीस गेली नव्हती. म्हणजे तोच डाग, वर 2 लाख 62 हजार 800 रुपये जास्त मोजून.

आता यातली खरी बोच सांगतो. आमच्याकडे असं होऊ नये म्हणूनच एक व्यवस्था होती. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या विभागप्रमुखांना एक मेल जायची: येत्या नव्वद दिवसांत ज्यांची मुदत संपते अशा करारांची यादी. एक जुलैलाही ती वेळेवर गेली होती. चादरींचा करार तिच्यात होता, मॅडमचं नावही समोर होतं. व्यवस्था जशी आखली होती तशीच चालली, कोणी कामात कुचराई केली नाही, आणि तरीही उशीर झाला. तो कसा झाला हे समजून घेताना मला या साध्या दिसणाऱ्या यादीतली मेख कळली.

बोटांवर मोजून पाहू

नव्वद दिवस म्हटलं की वाटतं, हाताशी चांगले तीन महिने आहेत. पण मेल रोज जात नाही, महिन्यातून एकदाच जाते. एक जूनला गेलेली यादी नव्वद दिवस पुढे पाहते, म्हणजे 30 ऑगस्टपर्यंत. आमचा करार संपत होता 31 ऑगस्टला. एका दिवसानं तो यादीच्या बाहेर राहिला. पुढची यादी एक जुलैला निघाली, तेव्हा त्यात चादरी आल्या. पण तोवर उरले होते फक्त 61 दिवस. याचा अर्थ असा, की महिन्यातून एकदा जाणारी नव्वद दिवसांची यादी नव्वद दिवसांची हमी देतच नाही. एखाद्या कराराला ती नव्वद दिवस देईल, एखाद्याला साठ. हमी धरायची ती साठाचीच.

आता त्या 61 दिवसांतून नोटिशीचे 60 वजा करा. 31 ऑगस्टपासून साठ दिवस मागे गेलं की 2 जुलै येतो. मेल पोचली मंगळवारी, 1 जुलैला सकाळी. नोटीस समोरच्या पार्टीच्या हातात पडायला हवी होती बुधवारपर्यंत. मेट्रन मॅडम सकाळी वॉर्डांच्या राउंडवर असतात. मेल उघडायला संध्याकाळचे चार वाजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला, मी नोटीस टाइप करून घेतली, साहेबांची सही झाली, जावक क्रमांक पडला आणि पाकीट पोस्टात गेलं. ते पोचलं शुक्रवारी, 4 जुलैला. पार्टीनं दुसऱ्याच दिवशी नम्रपणे कलमावर बोट ठेवलं.

तुम्ही म्हणाल, मेलला उत्तर देऊन मॅडमनी "नको" म्हटलं असतं तर? ते उत्तर मला आलं असतं, पार्टीला नाही. विभागप्रमुखाचा निर्णय आणि पार्टीला दिलेली नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस कशी द्यायची, कोणत्या पत्त्यावर द्यायची, पाठवलेला दिवस धरायचा की पोचल्याचा, हे त्या त्या करारात लिहिलेलं असतं. आमच्या करारात रजिस्टर्ड पोस्ट लिहिलं होतं आणि पोचल्याचा दिवस धरला होता. त्याच वर्षी पुढे टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात मिसळून टाकली. जुन्या करारांत मात्र रजिस्टर्ड पोस्ट हेच शब्द अजून बसलेले असतात. म्हणून नवा करार करताना ती ओळही बदलून घ्यावी आणि ईमेलनं दिलेली नोटीस चालेल असं त्यात स्पष्ट लिहून घ्यावं.

गप्प राहिलं तर काय होतं?

या फजितीनंतर आम्ही नोंदवही पुन्हा उघडली. नोंदवही म्हणजे काही भारी सॉफ्टवेअर नव्हे, गूगल शीट्समधला एक तक्ता. प्रत्येक कराराला एक ओळ: करार कशाचा, पार्टी कोण, विभागप्रमुख कोण, सुरुवात कधी, वर्षाला रक्कम किती, मुदत कधी संपते. हे रकाने सगळीकडेच असतात. आमच्याकडे नव्हता तो एक रकाना: आपण गप्प राहिलो तर काय होतं?

हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारत गेलो तेव्हा दिसलं, की सगळे करार एकाच जातीचे नाहीत. एकाच यादीत एकाखाली एक बसले असले तरी त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

पहिली जात चादरींच्या कराराची. आपण गप्प बसलो की तो आपोआप पुढे चालू राहतो. इथे महत्त्वाची तारीख मुदत संपण्याची नाहीच. नोटीस देण्याचा शेवटचा दिवस हीच खरी तारीख. तो दिवस गेला की पुढचे दोन महिने करार संपल्यासारखा नुसता दिसतो, प्रत्यक्षात वर्षभरासाठी वाढलेला असतो. भाड्याची झेरॉक्स मशीन, बिलिंगची आणि लॅबची सॉफ्टवेअर यांच्या करारांत हे कलम फार वेळा आढळतं. ते सहसा शेवटून दुसऱ्या पानावर, "इतर अटी" या मथळ्याखाली असतं.

दुसरी जात बरोबर उलटी. आपण गप्प बसलो की करार संपतो. लिफ्टच्या देखभालीचा करार घ्या. मुदत संपली त्या दिवशी लिफ्ट बंद पडत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते पंधरा दिवसांनी, पेशंटची ट्रॉली दुसऱ्या मजल्यावर अडकते आणि मेकॅनिक फोनवर सांगतो, "साहेब, तुमचं एएमसी संपलंय, आता व्हिजिट चार्ज पडेल." मग नवीन करार करायचा तर कंपनी आधी लिफ्ट तपासते आणि दुरुस्तीचा अंदाज हातात ठेवते. आग विझवण्याच्या यंत्रणेचंही असंच. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. एजन्सीचा करार डिसेंबरात संपला आणि कोणी बोललं नाही, तर जानेवारीत दाखला द्यायला माणूसच नसतो.

तिसरी जात सर्वांत महाग पडणारी. गप्प बसलं की करार संपतो आणि वर दंडही बसतो. आमच्या बाहेरगावच्या नर्सेससाठी ट्रस्टनं जवळच्या इमारतीत दोन फ्लॅट घेतले आहेत, लीव्ह अँड लायसन्सवर. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं 24 वं कलम सांगतं, की राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की परवानाधारकानं जागा सोडली पाहिजे. नाही सोडली तर सक्षम प्राधिकारी ती रिकामी करून घेऊ शकतो आणि दरमहाच्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. घरमालक चांगला आहे, तो कशाला जाईल तक्रारीला, असं आपण म्हणतो. पण आपण त्या घरात कोणत्या कागदाच्या आधारावर आहोत हा प्रश्न घरमालकाच्या चांगुलपणानं सुटत नाही. त्यातून हा करार नोंदवावाच लागतो, म्हणजे बोटांचे ठसे, फोटो, एजंटची वेळ हे सगळं आलं. शेवटच्या आठवड्यात ते जमत नाही.

काही ओळी अशाही असतात जिथे निवडीला जागाच नसते. जैववैद्यकीय कचऱ्याचा करार त्यातला. 2016 च्या नियमांप्रमाणे 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयाला स्वतःचा प्लांट उभारता येत नाही, कचरा त्या केंद्रालाच द्यावा लागतो. अशा ओळीला दरपत्रकं मागवा वगैरे सांगण्यात अर्थ नाही. तिथे मेलचं काम एवढंच, की कागद वेळेत नवा व्हावा.

दोन रकाने वाढवले

मग नोंदवहीत आम्ही दोन रकाने वाढवले. एकात नोटिशीचे दिवस. नोटिशीचं कलमच नसेल, तर नवीन पार्टी शोधायला किंवा जुन्याशी बोलणी करून सही व्हायला प्रत्यक्षात जितके दिवस लागतात तितके: लिफ्टला तीस, फ्लॅटला पंचेचाळीस. दुसऱ्या रकान्यात मुदतीच्या तारखेतून हे दिवस वजा करून येणारी तारीख. तिला आम्ही "निर्णयाची शेवटची तारीख" असं नाव दिलं. पुढे "निर्णय" हा रकाना आधीपासून होताच. उत्तर येईपर्यंत तो रिकामा.

आता यादी मुदत संपण्याच्या तारखेवरून निघत नाही, निर्णयाच्या तारखेवरून निघते. शीटमध्ये सूत्र इतकंच आहे. त्यात H म्हणजे निर्णयाची शेवटची तारीख आणि I म्हणजे निर्णय:

```
=FILTER(A2:J200, A2:A200<>"", H2:H200<=TODAY()+90, I2:I200="")
```

सांगायचं तर: ज्या ओळीत करार आहे, जिची निर्णयाची तारीख नव्वद दिवसांच्या आत आली आहे आणि जिच्यावर अजून निर्णय झालेला नाही, ती ओळ दाखव. यात "आजच्या नंतरच्याच तारखा घे" अशी अट मुद्दाम घातलेली नाही. ती घातली की तारीख उलटून गेलेला करार यादीतून निमूट गळून पडतो, आणि सर्वांत जास्त ओरडायला हवं ती ओळ सर्वांत आधी गप्प होते. आता उलटलेल्या तारखा यादीत वरच्या बाजूला, लाल रंगात, निर्णय लिहीपर्यंत तळ ठोकून बसतात.

चादरींचं गणित या पद्धतीनं पुन्हा करून पाहिलं. निर्णयाची तारीख 2 जुलै. एक एप्रिलची यादी 30 जूनपर्यंत पाहते, म्हणजे चादरी पुन्हा दोन दिवसांनी हुकतात. एक मेच्या यादीत मात्र त्या येतात, तेव्हा हातात 62 दिवस असतात. हमी साठाचीच आहे, पण आता ते साठ दिवस निर्णय घेण्यासाठी आहेत. आधी ते निर्णयाची वेळ टळल्यावर सुरू होत होते. शिवाय एक जूनला तीच ओळ पुन्हा येते. एक मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्या दिवशी मेल कोणी उघडली नाही असं धरलं तरी दुसरी संधी उरते. साठ दिवसांत तीन दरपत्रकं येतात, तुलनेचा तक्ता होतो, नव्या लॉन्ड्रीकडून आठवडाभर एका वॉर्डाच्या चादरी धुऊन पाहता येतात आणि खरेदी समितीची बैठकही बसते.

मेल कशी दिसते

आधीची मेल "सर्व विभागप्रमुख" यांना एकच जायची, खाली पस्तीस ओळींचा तक्ता. पस्तीस ओळींत आपली ओळ शोधणं हे पुन्हा एक कामच. सगळ्यांना मिळून लिहिलेलं पत्र कोणालाच लिहिलेलं नसतं. आता प्रत्येकाला फक्त त्याच्या ओळी जातात. पूर्ण यादी प्रशासक आणि लेखा विभाग यांनाच. मेट्रन मॅडमना जाणारी मेल साधारण अशी:

"मेट्रन मॅडम, आपल्या विभागाच्या दोन करारांवर निर्णय बाकी आहे.

एक: चादरी व कपडे धुलाई. निर्णयाची शेवटची तारीख 2 जुलै, 62 दिवस शिल्लक. आपण काही कळवलं नाही तर: करार दहा टक्के वाढीव दरानं एक वर्ष पुढे चालू राहील.

दोन: नर्सेस निवास, फ्लॅट क्रमांक दोन. निर्णयाची शेवटची तारीख 16 जुलै, 76 दिवस शिल्लक. आपण काही कळवलं नाही तर: 30 ऑगस्टला राहण्याचा हक्क संपेल.

प्रत्येकासमोर एकच शब्द लिहून 10 तारखेपर्यंत उत्तर द्यावं: चालू, बदल किंवा बंद. 'बदल' लिहिल्यास काय बदलायचं ते एका ओळीत."

यात माझ्या मते सर्वांत जास्त काम करणारं वाक्य "आपण काही कळवलं नाही तर" हे आहे. आधी फक्त तारीख असायची. तारीख वाचून माणूस म्हणतो, बघू नंतर. गप्प बसण्याचा परिणाम शेजारीच लिहिला की, निदान आमच्या अनुभवात, उत्तरं येऊ लागली. आणि उत्तर एका शब्दाचं ठेवल्यामुळे ते मोबाइलवरून, राउंडच्या मध्येही देता येतं.

ज्या विभागाची एकही ओळ नाही त्यालाही मेल जाते: "येत्या नव्वद दिवसांत आपल्याकडे एकही निर्णय बाकी नाही. नोंदवहीत आपल्या नावावर एकूण सहा करार आहेत." सुरुवातीला हे आमच्या एक्स-रे विभागाच्या डॉक्टरांना फालतू वाटलं. मग त्यांनीच एके दिवशी उत्तर पाठवलं: "सहा नाही, सात. सोनोग्राफीच्या नव्या मशीनची वॉरंटी डिसेंबरात संपते, पुढे सीएमसी घ्यावं लागेल." ती सातवी ओळ नोंदवहीत नव्हतीच.

ओळी हरवतात त्या कुठे

कारण यादी ही नोंदवहीइतकीच खरी. नोंदवहीत जे नाही ते मेलमध्ये येणार नाही, आणि मेलमध्ये नाही म्हणजे नसेलच, अशी समजूत होते. करार लपलेले असतात ते विभागांच्या कपाटांत. ते शोधायचा सर्वांत चांगला मार्ग मला आमच्या लेखापालांनी दाखवला. कंत्राटदारांच्या बिलातून टीडीएस कापला जातो, त्याची यादी टॅलीतून निघतेच. त्या यादीतलं प्रत्येक नाव नोंदवहीत आहे का ते पाहायचं. दर महिन्याला पैसे जाताहेत आणि नोंदवहीत नाव नाही, म्हणजे एक तर करार कपाटात आहे किंवा करारच नाही. आम्ही पहिल्यांदा हे ताडून पाहिलं तेव्हा पेस्ट कंट्रोल, पाण्याच्या टाक्यांची सफाई आणि ऑक्सिजनच्या पाइपलाइनची देखभाल असे तीन सापडले. तिसऱ्याची मुदत केव्हाच संपली होती. माणूस नेमानं येत होता आणि बिल नेमानं निघत होतं.

नोंदवहीत असूनही ओळ हरवते त्याची तीन कारणं मी पाहिली.

पहिलं कारण तारीख. संगणकासाठी तारीख म्हणजे एक आकडा असतो: 31 ऑगस्ट 2025 म्हणजे 45900. त्यामुळेच तारखेतून 60 वजा करता येतात. पण शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती महिना आधी वाचते. 05/08 लिहिलं की पाच ऑगस्टऐवजी आठ मे होतो आणि कोणी काही बोलत नाही. 31/08 लिहिलं तर एकतिसावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख न राहता नुसती अक्षरं बनते आणि हिशोबातून बाहेर पडते. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. एक खूण आहे: आपण हात लावला नसेल तर खरी तारीख खान्यात उजवीकडे टेकते, अक्षरं डावीकडे. त्याहून पक्की खूण म्हणजे हे सूत्र:

```
=COUNTA(F2:F200)-COUNT(F2:F200)
```

भरलेल्या खान्यांतून खऱ्या तारखांचे खाने वजा. उत्तर शून्य यायला हवं. आमच्याकडे पहिल्यांदा चार आलं होतं. पाच ऑगस्टचा आठ मे झाला असेल तर मात्र हे सूत्रही गप्प बसतं. त्याला उपाय एकच, शीटची सेटिंग भारताची करणं आणि एकदा मूळ कागद हातात घेऊन प्रत्येक तारीख ताडून पाहणं.

दुसरं कारण जुना निर्णय. करार नवा झाला की लोक त्याच ओळीत मुदतीची तारीख बदलतात आणि "निर्णय" रकान्यातलं मागच्या वर्षीचं "चालू" तसंच राहतं. सूत्र त्या ओळीला निर्णय झालेली समजतं आणि ती पुन्हा कधीच यादीत येत नाही. म्हणून आता नियम असा, की नव्या मुदतीला नवी ओळ, जुनी ओळ दुसऱ्या पानावर. मग चालू पानावर उलटून गेलेल्या मुदतीची एकही ओळ उरता कामा नये. उरली असेल तर काहीतरी राहून गेलंय, एवढं नक्की.

तिसरं कारण माणूस. मेल पाठवणारा तो वेळापत्रकाचा ट्रिगर ज्याच्या खात्यातून लावला असेल त्याच्या खात्यावरच चालतो. तो नोकरी सोडून गेला, खातं बंद झालं, की मेल थांबते. मेल आली नाही म्हणजे काही बाकी नाही, असं सगळे समजतात. म्हणूनच "एकही निर्णय बाकी नाही" ही मेल जाणं गरजेचं आहे. एक तारखेला काहीच आलं नाही, तर विचारायला हवं हे त्यामुळे कळतं. शिवाय ट्रिगर आणि पत्ते आता व्यक्तीच्या नावाचे ठेवलेले नाहीत, पदाच्या नावाचे आहेत. मेट्रन बदलल्या तरी मेट्रनचा पत्ता तोच.

मेलला जे जमत नाही

एवढं करूनही यादी एक गोष्ट सांगू शकत नाही: करार ठेवण्यासारखा आहे की नाही. "बंद" असं लिहायला मॅडमकडे पुरावा लागतो. डागाची एक चादर टेबलावर ठेवून दर कमी होत नाही; पार्टी म्हणते, एखादी राहिली असेल. त्यासाठी वॉर्डात एक साधी वही हवी: आज किती चादरी परत आल्या, किती परत पाठवल्या, का पाठवल्या. त्या वर्षी आम्ही वाढीव दर मुकाट्यानं दिला, पण वही त्याच महिन्यात सुरू केली. मॅडमनी तिला पिवळं कव्हर घातलं.

हे सगळं रुग्णालयापुरतं नाही. तुमच्या गृहनिर्माण सोसायटीत लिफ्ट आहे, वॉचमनची एजन्सी आहे, कदाचित गच्चीवर मोबाइलचा टॉवरही आहे. सेक्रेटरींच्या कपाटातून त्यांचे कागद एकदा बाहेर काढा आणि प्रत्येकात फक्त दोन गोष्टी शोधा: नोटीस किती दिवस आधी द्यायची, आणि आपण काहीच केलं नाही तर काय होतं. मुदतीच्या तारखेतून ते दिवस वजा करून जी तारीख येईल ती कॅलेंडरवर लिहा. आमच्या नोंदवहीत चादरींच्या ओळीला 31 ऑगस्ट अजून आहे. ठळक अक्षरात मात्र 2 जुलै लिहिलेलं आहे.